फ्रिजच्या दारावरची ‘१० वर्षे’ नेमकी कशाची?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर फ्रिजच्या पानभर जाहिराती येऊ लागल्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींत ‘१० वर्षांची वॉरंटी’ ही अक्षरे किमतीइतकीच ठळक असतात. मी मुंबईत घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत सव्वीस वर्षे काम केले आहे. त्या काळात ग्राहकांशी सर्वांत कडवट वाद याच एका ओळीवरून होताना पाहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दुकानात खोक्यातून निघणाऱ्या वॉरंटी कार्डावर सहसा दोन वेगळ्या मुदती असतात. संपूर्ण फ्रिजसाठी खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष, आणि त्यापुढची वर्षे ‘फक्त कॉम्प्रेसर’साठी. कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागे, तळाशी बसवलेला काळा डबा. तो गॅस दाबून नळ्यांतून फिरवतो, पण थंडावा निर्माण होतो तो त्या नळ्या, गाळणी आणि आतला गॅस यांच्या एकत्रित कामातून. यातली कोणतीही एक गोष्ट बिघडली तरी फ्रिज थंड होत नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ‘फ्रिज बंद पडला’ एवढेच खरे असते. कार्डाच्या दृष्टीने मात्र दहा वर्षांची हमी त्या काळ्या डब्यापुरतीच असते.

आमच्या बोरिवलीतील सोसायटीतल्या एका भगिनींचे उदाहरण देतो. त्यांनी २०२१ च्या दिवाळीत फ्रिज घेतला आणि यंदाच्या मे महिन्यात त्याचे थंड होणे थांबले. तंत्रज्ञाने तपासून कॉम्प्रेसर निकामी झाल्याचे सांगितले, तेव्हा ‘म्हणजे सगळे फुकट होणार’ असे त्यांनी गृहीत धरले. हाती आलेल्या अंदाजपत्रकात कॉम्प्रेसरची किंमत खरोखरच शून्य होती. परंतु गॅस भरणे व नवी गाळणी यांचे २,२०० रुपये, मजुरीचे ९०० रुपये आणि भेटीचे ४०० रुपये असे ३,५०० रुपये होते, आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून एकूण ४,१३० रुपये झाले. त्यांना ही उघड फसवणूक वाटली. मी त्यांचे कार्ड चष्मा लावून वाचले, तेव्हा पहिल्या वर्षानंतर गॅस, मजुरी, वाहतूक व भेट यांचा खर्च ग्राहकाकडे राहील, हे वाक्य त्यात होते. ते अगदी बारीक टायपात, कार्डाच्या मागच्या बाजूला होते. हिशेब कार्डाप्रमाणेच होता. पण जे वाक्य खरेदीपूर्वी कळायला हवे ते साडेतीन वर्षांनी कळले, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला आहे का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि त्याची खूण समजून घेणे फार अवघड नाही. कॉम्प्रेसर सलग चालू आहे, पण आत बर्फ अर्धवटच धरतो आहे, असे असेल तर बहुधा गॅस गळला आहे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या फ्रिजमध्ये दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होण्याआधीच थांबत असेल, तर दोष कॉम्प्रेसरचा असू शकतो किंवा त्याला चिकटलेल्या, तो सुरू करून देणाऱ्या छोट्या रिलेचाही. रिले हा स्वस्त सुटा भाग आहे आणि तो दहा वर्षांच्या हमीत धरला जाईलच असे नाही. म्हणून आधी रिले बदलून पाहिला का, हे तंत्रज्ञाला अवश्य विचारावे. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड वेगळे असते. त्याची मुदत कार्डावर स्वतंत्र शोधावी लागते.

वगळलेल्या गोष्टींच्या यादीत काच, प्लॅस्टिकचे कप्पे, दिवा, दाराचे रबर हे असतेच. त्याखेरीज व्होल्टेजमधील चढउतार, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पुराचे पाणी आणि व्यावसायिक वापर हेही असते. तळमजल्यावर पावसाचे पाणी शिरणाऱ्या आपल्या शहरात पुराचे कलम नीट वाचून ठेवावे. घरगुती फ्रिज खानावळीत वा पोळी-भाजी केंद्रात ठेवला, तर संपूर्ण हमी नाकारली जाऊ शकते.

परंतु हमी बुडण्याचे जे कारण मला सर्वाधिक खटकते ते वेगळेच आहे. फ्रिज बंद पडला की घाईघाईने इंटरनेटवर सेवा केंद्राचा क्रमांक शोधला जातो, आणि अनेकदा तो कंपनीचा नसतोच. आलेला माणूस कॉम्प्रेसरची नळी कापून गॅस भरतो, कापल्याची आणि पुन्हा जोडल्याची खूण कायम राहते, आणि पुढे अधिकृत तंत्रज्ञ ती पाहून ‘अनधिकृत दुरुस्ती’ असा शेरा मारतो. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो, तोही सहसा शंभर ग्रॅमपेक्षा कमी. त्याच्याजवळ ज्योत पेटवून काम करणे अनुभवहीन हातात धोक्याचे आहे. त्यामुळे क्रमांक घ्यायचा तो कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा.

पुराव्याबाबत शिक्का मारलेले कार्ड एकटे पुरत नाही; तारखेचे पक्के बिल लागते आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक असावा लागतो. फ्रिजच्या आतल्या किंवा मागच्या चिठ्ठीवर तोच अनुक्रमांक आहे ना, हे फ्रिज घरी आल्या दिवशीच ताडून पाहावे, कारण गोदामातून दुसराच नग आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. थर्मल कागदावरचे बिल दोन-तीन पावसाळ्यांत पांढरे पडते, तेव्हा बिलाचा आणि त्या चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. बिल नसल्यास काही कंपन्या अनुक्रमांकावरून निर्मितीची तारीख काढून मुदत तिथपासून मोजतात आणि ग्राहकाचे काही महिने विनाकारण जातात. बिल देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दुकानदाराला शांतपणे सांगता येते.

तक्रार नोंदवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तंत्रज्ञ आल्यावर दोष काय, कोणता भाग हमीत आणि कोणता नाही, हे जॉबशीटवर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही. काम पूर्ण होऊन फ्रिज प्रत्यक्ष थंड झाल्याशिवाय मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नये, कारण तो सांगताच तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होते. हमीत बदललेला जुना भाग बहुधा कंपनी परत घेते आणि नव्या भागाला सहसा मूळ मुदतीतला उरलेला काळच मिळतो. वरील भगिनींच्या नव्या कॉम्प्रेसरची हमी म्हणूनच २०३१ मध्येच संपेल.

कार्डानुसार देय असलेली सेवा नाकारली गेली, तर जॉबशीटची प्रत जोडून कंपनीला ई-मेल करावा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार द्यावी. तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.

माझी आपल्याकडे एकच विनंती आहे. आपल्या दैनिकात फ्रिजची जाहिरात छापताना ‘१० वर्षे’ या शब्दांशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘फक्त कॉम्प्रेसर; गॅस व मजुरी वेगळी’ असे छापण्याचा आग्रह जाहिरातदारांकडे धरावा.

आपला,
एक निवृत्त सेवा तंत्रज्ञ
बोरिवली (पूर्व), मुंबई