रिक्षाच्या पाठीवर फाटलेला आमचा गोडा मसाला

प्रति,
व्यवस्थापक, वाहन-जाहिरात विभाग

विषय: पुण्यातील 40 रिक्षांच्या मागच्या पत्र्यावर केलेलं सदोष स्टिकरकाम काढून नव्याने करून देणे व उरलेलं बिल रोखून धरल्याबाबत

आज दुपारी तुमच्या ऑफिसातल्या माणसाशी फोनवर जे बोलणं झालं, त्यानंतर पुन्हा फोन करायची माझी इच्छा उरलेली नाही. म्हणून लेखी देते आहे. काम तुमचं आहे, माल तुमचा आहे. त्यामुळे स्टिकरचं विनायल म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायची गरज पडू नये, पण तुमच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं म्हणून सांगावं लागतंय.

आमच्या गोडा मसाल्याचं चित्र तुम्हाला दिलं होतं: मधे गोल पितळी डबा, मागे लाल रंगाचा पट्टा, खाली मोठ्या अक्षरांत ‘गोडा मसाला’. तुमच्या डिझायनरने ते सपाट आयतात बसवून पाठवलं. तेव्हाच मी विचारलं होतं की रिक्षाची पाठ सपाट नाही, मधे डिकीचा जोड आहे, कडेला टेललाइटपाशी पत्रा गोल वळतो, ही मापं कुठून घेतलीत? ‘आमच्याकडे रिक्षाचा टेम्प्लेट आहे’ असं उत्तर आलं. तो टेम्प्लेट म्हणजे नुसती लांबी-रुंदी होती. त्यात जोड नव्हता, बिजागरी नव्हती, डिकीवरच्या हवेच्या फटी नव्हत्या. आणि तीच एक फाइल तुम्ही सगळ्या 40 रिक्षांना वापरलीत, बजाजच्या आणि पियाजिओच्याही. दोन्हींची पाठ एकसारखी नसते, हे रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही दिसतं.

आमच्या कारखान्याजवळच्या स्टँडवरची एक रिक्षा मी जवळून पाहिली, तीच उदाहरणादाखल घेते. डिकीच्या वरच्या कडेचा आडवा जोड बरोबर आमच्या अक्षरांमधून जातो, शिरोरेघेच्या अंगठाभर खाली. तुमच्या कारागिरांनी डिकी आणि वरचा पत्रा मिळून एकच अखंड स्टिकर ओढून चिकटवला. दोन पत्र्यांमधली फट त्यांनी कापली नाही. डिकीच्या आत इंजिन असतं. ती उघडावीच लागते, ऑइल बघायला, प्लगसाठी, सर्व्हिसिंगला. रिक्षावाल्या काकांनी ती उघडली आणि स्टिकर जोडाच्या रेषेवर टर्रकन फाटला. आता शिरोरेघ आणि ‘गो’ची मात्रा वरच्या पत्र्यावर राहिली आहे, अक्षरांची अंगं डिकीवर आहेत, आणि मधे काळ्या पत्र्याची वाकडीतिकडी पट्टी दिसते. मराठी अक्षर शिरोरेघेला धरून असतं. ती रेघ तुटली की मागून येणाऱ्या माणसाला शब्द वाचता येत नाही, नुसते उभे दांडे दिसतात.

टेललाइटजवळच्या वळणावर दुसरीच तऱ्हा. तिथे पत्रा दोन्ही दिशांना वळतो. तिथे सपाट कापलेला स्टिकर बसवायचा तर तो ताणावा लागतो. तुमच्या माणसांनी तो एका बाजूने ओढला, त्यामुळे गोल डबा अंडाकृती झाला, आणि जिथे जास्त ताण आला तिथे शाई विरळ होऊन आमचा गडद लाल रंग फिकट गुलाबी पडला. डब्याखालच्या पन्हाळीसारख्या खाचेत स्टिकर आत बसलेलाच नाही, तो खाचेवरून ताणून पलीकडे नेलेला आहे. मी अंगठ्याने आत दाबला तर क्षणभर बसला आणि लगेच वर आला. आत धूळ आणि पाणी गेलेलं आहे, कारण पावसात तिथून ओघळ येतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या कोटेशनमध्ये ‘कास्ट विनायल, कास्ट लॅमिनेशनसह’ असं लिहिलं आहे आणि दरही त्याचाच लावला आहे. लावलेला माल कास्ट नाही, अशी माझी पक्की खात्री आहे. कास्ट फिल्म पातळ असते, साधारण 50 मायक्रॉनची. पातळ द्रव ओतून भट्टीत वाळवून ती बनते, त्यामुळे तिच्यात मुळातच ओढ नसते आणि वळणावर बसवली की बसून राहते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबून ओढलेली, जाडसर आणि स्वस्त. ती कायम आपल्या मूळ आकाराकडे परत जायला बघते. सपाट बोर्डावर चालते, वळलेल्या पत्र्यावर नाही. याची ओळख कुणालाही पटेल अशी आहे: उन्हात काही दिवस गेले की कॅलेंडर्ड स्टिकर आक्रसतो आणि कडेला गोंदाची उघडी रेघ राहते, तिला धूळ चिकटून काळी किनार तयार होते. आमच्या स्टिकरला चारही बाजूंनी तशी जवळजवळ 3 मिलिमीटरची किनार आहे. मागचा पत्रा काळा, एप्रिलमधला पुण्याचा चटका आणि शिवाय इंजिनाची उष्णता: आक्रसायला याहून आणखी काय लागतं?

मी तुमच्याकडे वापरलेल्या रोलच्या मागचा कागद मागितला होता. बहुतेक चांगल्या फिल्मच्या कागदावर मागे प्रकार छापलेला असतो. तो मला आजवर दाखवलेला नाही. असता तर दाखवला असता.

आता तो फोन. मी तुमच्या माणसाला शांतपणे सांगत होते की अक्षरांवरून जोड गेलाय, डिकी उघडली की स्टिकर फाटतोय. त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, डिकी उघडली म्हणून फाटला, आमच्या कामात दोष नाही.’ मी म्हटलं, डिकी उघडण्यासाठीच असते. तो म्हणाला, ‘मग रिक्षावाल्याला सांगा ना, उघडू नको म्हणून.’ मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वर, ‘पत्राच वाकडा आहे मॅडम, त्याला आम्ही काय करणार? आणि रिक्षाच्या मागचं एवढं कोण बघतं?’ मी विचारलं, कोण बघत नसेल तर आमच्याकडून पैसे कशाचे घेता? तेव्हा तो हसला. मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं. मग म्हणाला, ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका, फाटलेल्या ठिकाणी पट्टी लावून देतो.’

आमच्या ब्रँडच्या नावावर पट्टी! तीही वेगळ्या छपाईची, वेगळ्या लाल रंगाची, डिकीवर. आणि डिकी पुन्हा उघडणार, कारण ती इंजिनाची डिकी आहे. रिक्षावाल्याने पोट भरायचं की तुमच्या स्टिकरसाठी इंजिन न बघता गाडी चालवायची? डिकीवरच्या हवेच्या फटींवरही तुम्ही स्टिकर चिकटवला आहे, ही तक्रार तर त्यांनीच माझ्याकडे केली. जाहिरातीला जागा देणारी ही माणसं माझी शेजारी आहेत. त्यांच्यासमोर मला मान खाली घालावी लागते, कारण करार माझ्या नावाने झालाय.

‘पत्रा वाकडा आहे’ हे ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. वळलेल्या पत्र्यावर काम करता येतं म्हणूनच तर तुमच्याकडे आले. साधा फ्लेक्स हुडाच्या रेक्झिनवर शिवून घ्यायला मला तुमची गरज नव्हती. पैसे थोडे जास्त गेले तरी काम नीट होऊ दे म्हणून आम्ही तुम्हाला निवडलं. तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर गाड्यांचे फोटो आहेत, जोडांवरून रेषा अगदी बरोबर जुळवलेल्या. ते काम तुम्हीच केलेलं असेल तर आमच्या वाट्याला असं का आलं?

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहिते. प्रत्येक मॉडेलच्या एका रिक्षेच्या पाठीवर कागद दाबून, जोड, कडा, बिजागरी, फटी, टेललाइट आणि नंबरप्लेट यांच्या खुणा घेऊन नवीन टेम्प्लेट करा. ‘गोडा मसाला’ ही अक्षरं पूर्णपणे डिकीच्या पत्र्यावर आणा, त्यांच्यामधून जोड जाता कामा नये. जोडावरून फक्त लाल पट्टा जाऊ द्या, कारण तो मिलिमीटरभर हलला तरी कुणाला खटकणार नाही. डब्याचा गोल वळणापासून आत घ्या. डिकी आणि वरचा पत्रा यांचे तुकडे वेगळे लावा, फटीत कापून कड आत वळवा, हवेच्या फटी उघड्या ठेवा. पत्र्यावरचं पॉलिश आणि तेल नीट पुसल्याशिवाय हात लावू नका. खाचांमध्ये आणि वळणांवर फिल्म बसवल्यावर हीट गनने पुन्हा तापवा, साधारण 90 ते 100 अंशांपर्यंत, म्हणजे ती मागे ओढली जाणार नाही. छपाईनंतर शाई पूर्ण सुकायला किमान एक दिवस द्या आणि मगच लॅमिनेशन करा. मागच्या वेळी सकाळी छापलं आणि संध्याकाळी चिकटवलं, हे तुमच्याच माणसाने मला सांगितलं होतं. फिल्म कास्टच हवी, लॅमिनेशनही कास्टच, आणि रोलचा कागद मला दाखवा.

आधी एकाच रिक्षावर करून दाखवा. ती मी माझ्यासमोर डिकी उघडून बंद करून बघेन, मग बाकीच्या 39 ला हात लावा. जुना स्टिकर उपटून काढू नका, गरम करून काढा. नाहीतर काकांच्या पत्र्याचा रंग निघेल आणि तो खर्चही तुमच्याच बिलात येईल.

तोवर उरलेलं निम्मं बिल मी देणार नाही. आगाऊ दिलेल्या रकमेबद्दल 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. व्यवसायासाठी घेतलेली सेवा म्हणून तुम्ही हात वर कराल, हे मला माहीत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेला माल त्यातून वगळलेला आहे, स्टिकरचा माल तुमचाच आहे, आणि मी माझ्या दोन हातांनी मसाला भाजून घर चालवते. कोटेशन, कामाचे फोटो, फाटलेल्या डिकीचे फोटो आणि आक्रसलेल्या कडेचं पट्टीवर मोजलेलं माप, सगळं जपून ठेवलेलं आहे.

आणि त्या माणसाला फोनवर पुन्हा बसवू नका. डिकी उघडू नको असं रिक्षावाल्याला सांगायला मी जाणार नाही. ते सांगायचंच असेल तर तुम्ही स्टँडवर या आणि त्यांच्या तोंडावर सांगा.

गोडा मसाल्याची उत्पादक, पुणे