ऑलिंपियाहून आई-बाबांना

ऑलिंपिया, रविवार

ती. आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्याच्या शस्त्रक्रियेला अजून महिनाही झालेला नाही, म्हणून हे पत्र तुम्ही स्वतः वाचू नका, आईकडून वाचून घ्या. आई, तू सलग वाच. मधली नावे अडली तर पुढे जा, बाबांना ती ठाऊक आहेत.

आधी जे सांगायचे ते सांगून टाकते. शिष्यवृत्तीची मुदत मी दोन वर्षांनी वाढवून घेतली आहे. तुम्हाला विचारून सही करायला हवी होती, पण उत्तर द्यायला चारच दिवस होते आणि त्यातले दोन दिवस बाबा दवाखान्यात होते. त्या दिवसांत हा विषय काढणे मला जमले नाही. मी दूर राहते आहे ती तुमच्यापासून सुटका म्हणून नव्हे, एवढे मात्र मनापासून समजून घ्या. ज्येष्ठ नागरिक संघातल्या आपल्या भाषणासाठी बाबांनी फोनवर विचारले होते, "ऑलिंपिकच्या काळात ग्रीक लोक खरोखर युद्ध थांबवत असत ना?" त्याचे नीट उत्तर शोधणे हेच माझे इथले काम आहे, आणि ते अर्धेच झाले आहे.

बाबा, भाषणात "सगळी युद्धे थांबत" असे कृपा करून म्हणू नका. खेळांच्या काळात जो तह होई त्याला ग्रीक शब्द आहे 'एकेखेइरिया', म्हणजे हात आवरणे. एलिस या राज्याकडे ऑलिंपियाच्या उत्सवाचे यजमानपद होते. तिथून दूत निघत, गावोगावी जाऊन खेळांची तिथी आणि तह जाहीर करत. त्या मुदतीत एलिसच्या भूमीवर शस्त्र घेऊन जायचे नाही आणि उत्सवाला येणाऱ्या-जाणाऱ्या खेळाडूंना, यात्रेकरूंना वाटेत कोणी हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. दूरच्या दोन राज्यांचे आपसातले युद्ध खुशाल चालू राही. इ.स.पू. ४८० मध्ये तर इराणी सैन्य ग्रीसमध्ये घुसलेले असतानाही खेळ भरले होते. आपल्याकडे वारी चालू असताना वाट मोकळी ठेवतात, तशी ही वाटेची राखण होती.

ती राखण मोडली तर काय होई, ते इ.स.पू. ४२० च्या प्रकरणात दिसते. त्या वर्षी एलिसने आरोप केला की तह लागू असताना स्पार्टाने एका किल्ल्यावर हल्ला केला आणि लेप्रिओन या वादग्रस्त गावात एक हजार सैनिक घुसवले. दंड ठरला दोन हजार मिना, म्हणजे दर सैनिकामागे दोन मिना. एका मिनात शंभर द्राख्मा, आणि अथेन्समध्ये चांगल्या कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा. यावरून रकमेचा अंदाज करा. स्पार्टाचे म्हणणे असे की आम्ही सैनिक पाठवले तेव्हा तहाची घोषणा आमच्याकडे पोहोचलीच नव्हती. एलिसचे उत्तर असे की तह आमच्या घरी आधी जाहीर होतो आणि त्याच क्षणी आमच्यापुरता लागू होतो. तारखेच्या या फटीवर सगळा वाद उभा होता. बाबा, तुम्ही शाळेत रजेच्या अर्जावरच्या तारखा ज्या बारकाईने तपासत असत, तसाच.

मग एलिसने तडजोड सुचवली. लेप्रिओन परत द्या, आमच्या वाट्याचा दंड आम्ही सोडतो आणि देवाच्या वाट्याचा तुमच्या वतीने आम्हीच भरतो. स्पार्टाने नकार दिला. निदान झ्यूसच्या वेदीवर सर्व ग्रीकांसमोर शपथ घ्या की दंड नंतर भरू, तेही नाकारले. तेव्हा स्पार्टाला देऊळ, यज्ञ आणि खेळ या तिन्हींतून बाहेर काढण्यात आले. ते बळाने घुसतील या भीतीने एलिसने हत्यारबंद तरुणांचा पहारा बसवला, आर्गोस आणि मँटिनिया यांनी प्रत्येकी हजार माणसे पाठवली आणि अथेन्सचे घोडेस्वारही जवळ येऊन थांबले. शांततेच्या उत्सवाला सैन्याचे कडे पडले होते!

आता माझ्या मनाला सर्वांत लागणारा प्रसंग. लिखास नावाच्या स्पार्टाच्या वयस्कर गृहस्थाने आपला चार घोड्यांचा रथ बिओटिया या दुसऱ्या ग्रीक प्रदेशाच्या लोकांच्या नावावर उतरवला, कारण स्वतःच्या नावावर उतरवणे शक्यच नव्हते. रथ जिंकला आणि घोषणा बिओटियाची झाली. तिथे विजेता म्हणजे सारथी नव्हे, रथाचा मालक. म्हणून लिखास मैदानात पुढे आला आणि रथ आपला आहे हे सगळ्यांना कळावे यासाठी त्याने सारथ्याच्या डोक्यावर विजयाची खूण बांधली. व्यवस्थेसाठी नेमलेल्या छडीधाऱ्यांनी त्याला भर मैदानात फटके मारले. झेनोफन या ग्रीक इतिहासकाराने तो म्हातारा होता हे मुद्दाम लिहिले आहे, आणि त्या शब्दापाशी मी दर वेळी थांबते. स्पार्टा त्या दिवशी गप्प राहिला, पण सुमारे वीस वर्षांनी त्याने एलिसवर स्वारी केली, तेव्हाच्या तक्रारींत हा अपमानही होता. एलिस हरले, ताब्यातली गावे गेली. ऑलिंपियाची व्यवस्था मात्र स्पार्टाने त्यांच्याकडेच ठेवली, कारण दुसरे दावेदार खेडवळ, ते हे काम करू शकणार नाहीत असे त्याला वाटले.

आई, तू म्हणशील, एवढे सगळे कशासाठी? इथे बक्षीस म्हणजे रानऑलिव्हच्या फांदीचे कडे, बस्स. पण घरी परतल्यावर अथेन्स आपल्या विजेत्याला नगराच्या खर्चाने आयुष्यभर जेवू घाली आणि स्पार्टात त्याला लढाईत राजाजवळ उभे राहण्याचा मान मिळे. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सच्या आल्किबिआडीस या पुढाऱ्याने एकट्याने सात रथ उतरवले, आणि युद्धाने थकलेले अथेन्स त्यामुळे ग्रीकांना बलाढ्य वाटले, असे त्याने पुढे सभेत बजावून सांगितले. फांदीमागे राज्याची पत असे.

काल सकाळी मैदानात गेले होते. धावण्याच्या आरंभरेषेचे दगड अजून जागेवर आहेत, त्यांत पायाची बोटे रोवायला दोन समांतर खाचा आहेत. मी चपला काढून बोटे ठेवली, आणि बाबा, तुम्ही पटांगणात फक्कीची रेघ मारून "तयार?" म्हणायचात, ते आठवले. पलीकडचे टोक १९२ मीटरांवर आहे. तिथे कोणी उभे नव्हते.

माझी काळजी करू नका. खोलीला ऊन येते, हिवाळ्यात ऊब मिळण्याची सोय आहे, मसूर आणि तांदूळ कोपऱ्यावर मिळतात, आईचा गोडा मसाला अजून अर्धा डबा आहे. दिवाळीला येणे होणार नाही, पण जानेवारीचे तिकीट काढले आहे आणि तीन आठवडे कुठेही न जाता घरीच राहणार आहे. तोवर बाबांनी डोळ्यात थेंब वेळेवर घालायचे, वाकून बादली उचलायची नाही. आई, रक्तदाबाची गोळी "आज बरे वाटते" म्हणून चुकवायची नाही, आणि माळ्यावरचे डबे मी आल्यावर काढू. भाषण बाबांनी बसूनच करावे.

बाबा, भाषणात आणखी एक गोष्ट आवर्जून घ्या. ग्रीक काव्यावर भाष्य लिहिणाऱ्या एका प्राचीन लेखकाने लिहून ठेवले आहे की विजेत्यांची फांदी सोन्याच्या कोयत्याने एक मुलगा कापत असे, आणि त्या मुलाचे आई-वडील दोघेही हयात असावे लागत. हे वाचले त्या संध्याकाळीच मी तुम्हाला अवेळी फोन केला होता, आई, तू घाबरून "काय झाले?" विचारलेस आणि मला काही सांगता आले नव्हते.

तुमची,
धाकटी