पेटंटची वीस वर्षं आणि वरची साडेचार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकातला पेटंटवरचा लेख वाचला. मोबदला नसेल तर नव्या औषधांवर कोणी पैसा घालणार नाही, हे त्यातलं म्हणणं मला मान्य आहे. माझी सगळी नोकरी औषधांच्या फॉर्म्युलेशन विभागात गेली, तिथला खर्च आणि वाया गेलेली वर्षं मी जवळून पाहिली आहेत. पण पेटंट हा सौदा आहे. कंपनी आपला शोध कागदावर उघड करते, बदल्यात तिला वीस वर्षं मक्तेदारी मिळते, आणि मुदत सरली की तो शोध सगळ्यांचा होतो. लेखात या शेवटच्या अटीचा उल्लेखच नव्हता, म्हणून हे पत्र.

उदाहरण बेडाक्विलिनचं घेतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरची ही गोळी. ती येण्याआधी अशा रुग्णांना महिनोन् महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यात अनेकांची श्रवणशक्ती जाई. जॉन्सन अँड जॉन्सनचा या रेणूच्या पेटंटचा अर्ज जुलै 2003 चा. मुदत मोजतात ती अर्जाच्या तारखेपासून. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर 2012 मध्ये, म्हणजे वीसपैकी नऊ वर्षं चाचण्यांतच गेली. कंपनीची ही तक्रार खोटी नाही. (त्या चाचण्यांना सार्वजनिक पैशाचाही हातभार होता, पण तो वेगळा विषय.)

भारतातलं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने मात्र आणखी एक अर्ज करून ठेवला होता, बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर 2027 पर्यंत लांबली असती. आता क्षार करणं म्हणजे काय, ते सांगतो. रेणू अल्कधर्मी असेल आणि पाण्यात नीट विरघळत नसेल, तर तो पाच-सात ओळखीच्या आम्लांशी जोडून बघतात: हायड्रोक्लोरिक, मॅलेइक, टार्टारिक, फ्युमरिक. ज्याची भुकटी नीट जमते, दमट हवेत टिकते आणि गोळीत बसते, तो क्षार निवडायचा. आमच्याकडे हे काम नव्याने रुजू झालेल्या मुलांना देत. काम गरजेचंच, पण त्याला नवा शोध म्हणणं मला जड जातं.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(डी) नेमकं इथेच आडवं येतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, मग तो क्षार असो की वेगळा स्फटिक, त्याने औषधाचा गुण वाढल्याचं दाखवता आलं तरच पेटंटला पात्र. ‘गुण’ म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, नुसती विद्राव्यता वाढली म्हणून भागणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं.

पण कलम आपण होऊन काही करत नाही, ते कोणीतरी पुढे करावं लागतं. 2019 मध्ये या अर्जाला हरकत घेतली ती क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोघींनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. त्यांना हे करता आलं, कारण पेटंट मिळण्याआधी आपल्याकडे ‘कोणीही’ हरकत घेऊ शकतो. मिळाल्यानंतर फक्त हितसंबंध असलेल्यालाच ती घेता येते, तीही वर्षभराच्या आत. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने क्षाराचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि इथल्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्टअखेर, गरजू देशांसाठी क्षयरोगाची औषधं विकत घेणाऱ्या जागतिक यंत्रणेने सहा महिन्यांच्या उपचाराचा दर 289 डॉलरवरून 130 वर आल्याचं जाहीर केलं. 130 हा दर खुद्द जॉन्सन अँड जॉन्सनचाच होता. स्पर्धक दारात उभा राहिल्यावर तीच गोळी निम्म्याहून कमी किमतीत देता आली, मग आधीच्या दरात मक्तेदारीचा वाटा किती होता, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता माझा खरा मुद्दा. मार्च 2024 मध्ये पेटंट नियम बदलले. तोवर पेटंट मिळण्याआधीच्या हरकतीला शुल्क नव्हतं, आता ते लावलं आहे. शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे अधिकारी आधीच ठरवणार. उगाच हरकती घेऊन अर्ज रखडवणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना चाप लावायचा तर सुनावणीच्या तारखा आणि मुदती बांधून द्याव्यात. रुग्ण आणि रुग्णसंघटनांना तरी हे शुल्क माफ असावं, आणि हरकत दारातच परत पाठवायची तर त्याची कारणं लेखी देऊन ती जाहीर करण्याचं बंधन असावं. आपल्या वार्ताहरांनी एवढं विचारावं: नियम बदलल्यापासून औषधांच्या अर्जांवर किती हरकती आल्या, आणि त्यांतल्या किती सुनावणीपर्यंत पोचल्या?

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, ठाणे