पगारावरची पात्रता आणि घरावरचे कर्ज

माननीय संपादक,

‘तुमचा पगार पाहता चाळीस लाखांचे कर्ज सहज मिळेल’ या दलालाच्या शब्दावर टोकन देऊन बसलेली आणि नंतर रकमेची जुळवाजुळव करताना मेटाकुटीला आलेली कुटुंबे मी कर्ज विभागातील नोकरीत सतत पाहिली. पगारावरची पात्रता आणि घराच्या किमतीवरची मर्यादा हे दोन स्वतंत्र हिशेब असून त्यांतील कमी आकडाच मंजूर होतो, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

पुण्यातील ५० लाखांचा जुना फ्लॅट आणि हातात पडणारा ८० हजारांचा पगार असे उदाहरण घेऊ. बँक साधारण निम्मा पगार, म्हणजे ४० हजार, सर्व हप्त्यांसाठी धरते (हे प्रमाण बँकेनुसार आणि उत्पन्नानुसार बदलते). त्यातून मोटारीच्या कर्जाचा ९ हजारांचा हप्ता वजा होतो. क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेले असतील, तर त्यांचे पाच टक्के, म्हणजे आणखी ३ हजार, अनेक बँका दरमहाचा बोजा म्हणून धरतात. उरले २८ हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणून कर्ज सव्वाबत्तीस लाखांच्या आसपास थांबते.

यावर मोटारीचे कर्ज फेडून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. ते फेडले तर पगारावरची पात्रता साडेबेचाळीस लाखांवर जाते हे खरे. पण येथे दुसरा हिशेब आडवा येतो. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा, चटई क्षेत्र, इमारतीचे वय आणि आसपासचे व्यवहार पाहतो. नकाशात नसलेली, खोलीत सामावून घेतलेली गच्ची किंवा विक्रेत्याने किमतीत धरलेले फर्निचर तो सहसा मोजत नाही. त्याने ४६ लाख किंमत ठरवली, तर करारात ५० लाख लिहिलेले असूनही बँक ४६ लाखच धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे कर्ज ३६ लाख ८० हजारांवर अडते. विक्रेत्याला द्यायचे उरलेले १३ लाख २० हजार स्वतःचे घालावे लागतात. शिवाय या किमतीच्या घराच्या मूल्यात मुद्रांक शुल्क व नोंदणी धरण्यास मनाई असल्याने तो साधारण पावणेचार लाखांचा खर्चही खिशातूनच करावा लागतो.

पगारावर दिलेल्या मंजुरीपत्रातही ‘कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन’ अशी ओळ असते आणि मूल्यांकन त्या तपासणीतच होते. माझी खरेदीदारांना कळकळीची विनंती आहे की, टोकनच्या पावतीवर ‘बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास रक्कम परत केली जाईल’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे, आणि तो नकार देत असेल तर मूल्यांकनाचा अहवाल येईपर्यंत पैसे देऊ नयेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे