‘कोडॅक’ नावाची गोष्ट आणि तिचे कागद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कंपन्यांच्या नावांमागच्या गमतीजमती आल्या होत्या. त्यात ‘कोडॅक’ हे नाव कॅमेऱ्याच्या शटरच्या आवाजावरून पडले, असे छातीठोकपणे लिहिले आहे. मी इथल्या चादर-टॉवेलवाल्यांना ट्रेडमार्कचे अर्ज भरून देतो. नावाची गोष्ट कानावर आली की तिचा कागद कुठे आहे ते आधी विचारायचे, ही त्या धंद्यातली खोड. कोडॅकचे कागद सापडतात आणि ते आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे, कोडॅक हे मुळात कंपनीचे नाव नव्हतेच. जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीचे १८८४ सालचे नाव होते ‘ईस्टमन ड्राय प्लेट अँड फिल्म कंपनी’. कोडॅक हे १८८८ मध्ये बाजारात आणलेल्या एका कॅमेऱ्याचे नाव. तो खपला, नाव लोकांच्या तोंडी बसले, आणि १८९२ मध्ये कंपनीने ते स्वतःला लावून घेतले: ईस्टमन कोडॅक. म्हणजे कुणी नुसती कंपनीची नोंद उघडली तर त्याला १८९२ दिसेल आणि नावाचा जन्म चार वर्षे चुकेल. आपल्याकडेही असेच होते. चादरीवरच्या लेबलाचे नाव आधी गाजते आणि फर्मचे नाव नंतर बदलते. मुलगा मात्र पार्टनरशिप डीडवरची तारीख नावाची जन्मतारीख म्हणून सांगतो.

तेव्हा पाहायचा तो ट्रेडमार्क. अमेरिकेत तो ४ सप्टेंबर १८८८ रोजी नोंदला गेला. त्याच वर्षी ईस्टमन यांनी ब्रिटिश कार्यालयालाही नावाबद्दल खुलासा लिहून दिला. त्याचा आशय असा: हा परभाषेतला शब्द नाही, एका ठरावीक कामासाठी मीच तो बनवला आहे, तो आखूड आहे, त्याचा उच्चार चुकण्यासारखा नाही, आणि या धंद्यातल्या कशाशीच त्याचे साम्य वा नाते नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. कॅमेऱ्याशी नाते नाही असे मालकच लिहून देतो, तर शटरची गोष्ट तिथेच पडली असे वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण हा कागद कुणासमोर ठेवला होता? ब्रिटनच्या १८८३ च्या कायद्याप्रमाणे शब्दाला संरक्षण हवे तर तो कल्पित आणि रोजच्या वापरात नसलेला असावा लागे. मालाचे वर्णन करणारा शब्द दाखवला की अर्ज अडणार. म्हणजे नाव खरोखर आवाजावरून सुचले असते, तरी ईस्टमन यांनी ते तिथे लिहिले नसते! कागद सर्वात जुना आहे, पण तो आपल्या फायद्यासाठी बोलतो आहे.

हे मला रोज दिसते. पूर्व भागातला एक टॉवेलवाला नाव घेऊन आला. त्यात तेलुगूतला ‘मेत्त’ होता. अर्थ विचारला तर हौसेने म्हणाला, “मऊ हो, आमचा टॉवेल मऊ.” मी म्हटले, मालाचा गुण सांगणारे नाव १९९९ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये अडकते. पुढच्या फेरीला त्याच नावाला काहीच अर्थ उरला नव्हता; म्हणे, आजोबांनी असेच ठेवले होते. पन्नास वर्षांनी कुणी फक्त माझी फाइल वाचली तर त्या दुसऱ्या फेरीलाच खरे मानेल. (तो अर्ज मी केला नाही, हे सांगून ठेवतो.)

म्हणून अशा कागदाला दुसरी साक्ष लागते, आणि तीही जिथे अर्ज मंजूर व्हायचा नाही अशा ठिकाणची. ईस्टमन यांच्या बाबतीत ती आहे. १५ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी इंग्रजीचे प्राध्यापक जॉन मॅन्ली यांना पत्र लिहिले. ही अक्षरांची निव्वळ मनाने केलेली जुळणी आहे, कुठल्याही शब्दावरून पूर्ण वा अर्धीही घेतलेली नाही, असे त्यात सांगितले. ट्रेडमार्क मिळून अठरा वर्षे झाली होती आणि पत्र एका भाषा-अभ्यासकाच्या चौकशीला उत्तर होते, तरी सांगणे तेच. शिवाय निरनिराळ्या देशांच्या ट्रेडमार्क कायद्यांत बसणारा शब्द आपण शोधत होतो, हेही त्यांनी त्यात मोकळेपणाने कबूल केले. मला हे पत्र अर्जापेक्षा वजनदार वाटते.

आता ‘के’. हे अक्षर आपल्याला आवडते, ते ठसठशीत वाटते, म्हणून ‘के’ने सुरू होऊन ‘के’नेच संपणाऱ्या जुळण्या करून पाहिल्या, हे ईस्टमन यांनी बरेच नंतर सांगितले. १८८८ च्या खुलाशात हा तपशील नाही. तीसेक वर्षांनंतरची आठवण म्हणून मी ती एक पायरी खाली ठेवतो. पण ती आधीच्या दोन्ही कागदांशी भांडत नाही, म्हणून घेतो. आईचे माहेरचे आडनाव किलबोर्न, त्यावरून ‘के’, असेही सांगतात. आडनाव खरे आहे, पण वरच्या कागदांत आईचा उल्लेख नाही.

आणखी एक गोष्ट फिरते, ती पुरवणीत नव्हती. डेव्हिड ह्यूस्टन या डाकोटातल्या माणसाकडे रोल-फिल्मचे पेटंट होते, त्याचे हक्क ईस्टमन यांनी घेतले. तेव्हा नॉर्थ डाकोटाचे ‘नोडॅक’ आणि त्याचे कोडॅक, असा हिशोब. ऐकायला झकास! पण नॉर्थ डाकोटा हे राज्य झाले २ नोव्हेंबर १८८९ ला, आणि ट्रेडमार्क त्याआधी वर्षभर नोंदला गेलेला. उत्तर डाकोटा असे लोक आधीही म्हणत असतील, म्हणून एवढ्यावर गोष्ट पूर्ण मरत नाही. तरीही पेटंटचा व्यवहार झाला म्हणून नावही तिकडूनच आले, ही उडी आहे. मधला कागद कुणी दाखवत नाही.

आपल्या गावात हीच कसरत करायची तर एक अडचण येते. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नाव घातले की अर्ज दिसतो, त्यात ‘अमुक तारखेपासून वापर’ अशी ओळ असते. ती मालकाची मागणी असते, पुरावा नव्हे. आधी वापरणाऱ्याचे पारडे जड, म्हणून तारखा मागे सरकवायचा मोह होतो. सोबतची बिले पाहावीत, आणि सर्वात जुन्या बिलावर नाव छापलेले आहे की मागाहून शिक्का मारलेला, तेही.

शिवाय १९४० चा कायदा होण्याआधी आपल्याकडे ट्रेडमार्कचे रजिस्टरच नव्हते. त्या काळचे धंदेवाले दुय्यम निबंधकाकडे मालकीचे जाहीरपत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात सूचना छापत की हे नाव, हे चित्र आमचे आहे. सोलापुरातल्या जुन्या लेबलांची जन्मकथा असलीच तर त्या सूचनांत असेल. आपल्या कार्यालयात किंवा गावातल्या वाचनालयात तेवढ्या जुन्या फायली असतील, तर पुढच्या पुरवणीसाठी कुणाला तरी त्या चाळायला बसवा. मी सोबत बसायला तयार आहे. आणि कोडॅकची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर