प्याद्याचे एकच घर

रविवारच्या पुरवणीतील कथेत बेळगावच्या जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेत शाळकरी मुलगी प्यादे केवळ एक घर सरकवून जिंकते. हा शेवट पटत नसल्याचे पत्र मंगळवारी वाचले. शेवट अचूक आहे.

पांढरा राजा e4, प्यादे e2, काळा राजा e6. ती e3 खेळते. राजे समोरासमोर, मध्ये एकच घर आणि चाल काळ्याची, म्हणून त्याला वाट सोडावीच लागते. तो d6 वर गेला की पांढरा राजा f5 वर शिरतो. मात्र हेच प्यादे घाईने आधीच e3 वर गेले असते, तर राखीव चाल उरली नसती आणि डाव बरोबरीत सुटला असता. मुले नेमकी इथेच चुकतात.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव