खुले पत्र: रुग्ण वाढले म्हणून पेटंट औषधाची किंमत हलत नाही

प्रति,
मा. केंद्रीय रसायने व खते मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

पेटंट औषधांच्या किमतींची चर्चा निघाली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. कंपनी म्हणते, मागणी वाढली म्हणून किंमत वाढवली. सरकारी बाजू म्हणते, खप वाढला की औषध आपोआप स्वस्त होईल. मागणीची लवचिकता स्थिर असेल तर दोन्ही म्हणणी चूक ठरतात.

समजा, एक जादा पाकीट बनवायला ४०० रुपये लागतात आणि लवचिकता २ आहे, म्हणजे किंमत एक टक्का वाढली की खप सुमारे दोन टक्के घटतो. ८०० रुपयांना महिन्याला १००० पाकिटं खपतात, नफा चार लाख. ९०० केले तर ७९० खपतात, नफा ३ लाख ९५ हजार. ७०० केले तर १३०६ खपतात, नफा ३ लाख ९२ हजार. आता रुग्ण दुप्पट करा. तिन्ही नफे दुप्पट होतात, पण पहिला नंबर ८०० चाच राहतो. सूत्र असं:

P = c × e/(e−1)

यात c म्हणजे जादा पाकिटाचा खर्च आणि e म्हणजे लवचिकता. रुग्णसंख्या सूत्रात कुठेच नाही. संशोधनावर आधीच झालेला खर्चही नाही, हे कंपन्यांना आवडत नाही. लवचिकता १.५ असती तर किंमत खर्चाच्या तिप्पट, १२०० झाली असती. मात्र उत्पादन वाढताना c बदलत असेल, तर हा हिशेब असाच लागू होत नाही.

मदत कशी देता, यावर बरंच अवलंबून आहे. किमतीचे ६० टक्के सरकारने भरले, तर छापील किंमत ८०० च राहते. रुग्ण ३२० देतो, तिजोरी ४८०. पाकिटामागे ठरावीक १०० रुपये कंपनीला दिले, तर तिच्या दृष्टीने खर्च ३०० होतो आणि रुग्णाला ते ६०० ला पडतं. शंभराच्या मदतीत दोनशेची सूट! पण रुग्णाने ठरावीक ५० रुपये द्यायचे आणि बाकी सगळं विम्याने, असं केलंत तर रुग्ण किमतीकडे बघतच नाही. मग कंपनीला आवर घालायला फक्त वाटाघाट किंवा कमाल किंमत उरते.

म्हणून किंमत तपासताना रुग्णांचे आकडे मागू नका. c आणि e मागा. e काढणं अवघड, कारण मक्तेदार किंमत फारशी हलवत नाही. सुदैवाने २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ दर तोच राहिला असेल तर ११२ चं औषध १०५ ला मिळायला हवं, म्हणजे सव्वासहा टक्के स्वस्त. लवचिकता २ असेल तर खप सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसेल. ज्या पेटंट औषधांचे पैसे रुग्ण स्वतःच्या खिशातून भरतात, त्यांचा त्या तारखेआधीचा आणि नंतरचा मासिक खप राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कंपन्यांकडून मागवावा, ही विनंती.

आपले,
अर्थशास्त्राचे काही अध्यापक